भातखंडे की पलुस्कर? स्वरलिपी वाचण्याआधी काय पाहायचं: ताल, सप्तक आणि विश्रांती

गाणं किंवा हार्मोनियम शिकायला लागलेल्या माणसाच्या हातात काही महिन्यांत दोन-तीन पुस्तकं येतात. एखादं परीक्षेचं, एखादं कुणाच्या घरातलं जुनं, पिवळ्या पानांचं, आणि हल्ली मोबाइलवर आलेले फोटो. सगळीकडे सा रे ग म हीच अक्षरं असतात, त्यामुळे आपण थेट वाचायला सुरुवात करतो. घोळ होतो तो इथेच. हिंदुस्थानी संगीतात दोन स्वरलिपी पद्धती रूढ आहेत, पं. विष्णु नारायण भातखंडे यांची आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. या दोन्हींत अक्षरं तीच असली तरी अक्षरांच्या वर-खाली येणाऱ्या खुणांचे अर्थ वेगळे आहेत, काही ठिकाणी तर अगदी उलट.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्यांना दोन्ही पद्धतींचे तक्ते पाठ करावे लागतात. पण तक्ता पाठ असणं वेगळं आणि समोरचं पान बिनचूक वाचता येणं वेगळं. म्हणून हा लेख तक्त्याच्या क्रमाने न जाता पान वाचण्याच्या क्रमाने लिहिला आहे: आधी पद्धत ओळखायची, मग ताल, मग सप्तक, मग काळ आणि शांतता. ज्यांना कीबोर्ड, व्हायोलिन किंवा गिटारमुळे पाच रेघांचं स्टाफ नोटेशन येतं, त्यांच्यासाठी प्रत्येक ठिकाणी त्याच्याशी तुलना केली आहे. शेवटी एक आवर्तन तिन्ही प्रकारे लिहून दाखवलं आहे.

दोघांचा परिचय थोडक्यात. भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, वाळकेश्वरचे आणि पेशाने वकील. घराण्यांतल्या गायकांकडून शेकडो बंदिशी मिळवून त्या क्रमिक पुस्तक मालिकेत छापायच्या, हे त्यांचं काम. पलुस्कर (१८७२–१९३१) कुरुंदवाडचे, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्गात बसलेल्या मुलांना गाणं शिकवायला सुरुवात केली. हे डोक्यात असलं की दोन्ही लिपींचा कल समजतो. भातखंड्यांची लिपी मोठा संग्रह सुटसुटीत छापता यावा अशी आहे, आणि पलुस्करांची प्रत्येक स्वराचा काळ स्वराखालीच मोजून देणारी.

पहिली पायरी: पद्धत ओळखा

पुस्तकावर नाव असेल तर प्रश्नच नाही. पण सुटं पान किंवा फोटो असेल तर आधी सा आणि प शोधा. हे दोन स्वर अचल आहेत, ते कोमलही होत नाहीत आणि तीव्रही. त्यामुळे सा किंवा प च्या खाली आडवी रेघ दिसली तर ती कोमलाची खूण असूच शकत नाही. ती पलुस्कर पद्धतीतली ‘एक मात्रा’ आहे. भातखंडे पद्धतीत स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर. पलुस्कर पद्धतीत तीच रेघ म्हणजे एका मात्रेचा काळ, आणि कोमलासाठी स्वराला हलन्तासारखी तिरकी खूण असते.

हा फरक न कळल्याने काय होतं ते भूपाच्या उदाहरणावरून पाहा. पलुस्कर पद्धतीत लिहिलेल्या भूपाच्या पानावर जवळजवळ प्रत्येक स्वराखाली रेघ असते. भातखंडे पद्धतीची सवय असलेला विद्यार्थी ते पान कोमल रे, कोमल ग, कोमल ध असं वाजवतो, आणि भूपाऐवजी तोडीच्या अंगाचं काहीतरी ऐकू येतं. वाजवणाऱ्याचे सूर बरोबर लागलेले असतात, त्यामुळे चूक कुठे आहे ते त्याला कळत नाही. सा आणि प खाली रेघ आहे का, एवढं पाहिलं असतं तर हे टळलं असतं.

दुसरी खात्री उभ्या रेघेवरून होते. भातखंडे पद्धतीत अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ फक्त म वर येते, कारण ती तीव्र मध्यमाची खूण आहे. सा, रे किंवा ग वर उभी रेघ दिसली की पान पलुस्कर पद्धतीचं समजा. तिथे उभी रेघ तार सप्तक दाखवते. (पलुस्कर पद्धतीत तीव्र मध्यमाला हलन्ताच्या उलट्या दिशेची तिरकी खूण असते.)

तिसरी खात्री तालाच्या ओळीवरून. स्वरांखाली × २ ० ३ असं काही दिसलं तर भातखंडे, आणि १ ५ + १३ असं दिसलं तर पलुस्कर. या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या की पुढे जा.

दुसरी पायरी: सम आणि खाली शोधा

भातखंडे पद्धतीत समेला ×, खालीला ०, आणि बाकीच्या टाळ्यांना त्यांचे क्रमांक: दुसरी टाळी २, तिसरी ३, चौथी ४. सम हीच पहिली टाळी असल्याने १ लिहीत नाहीत. प्रत्येक विभागानंतर उभी रेघ असते. त्यामुळे तीनताल पाहताक्षणी चार चौकटींत दिसतो: ×, २, ०, ३.

पलुस्कर पद्धतीत समेला १, खालीला +, आणि बाकीच्या टाळ्यांना ती टाळी ज्या मात्रेवर पडते त्या मात्रेचा आकडा. म्हणून तीनताल १, ५, +, १३. खाली नवव्या मात्रेवर आहे, पण तिथे ९ न लिहिता + लिहायचं. विभागाच्या रेघा नसतात. उभी रेघ आवर्तन संपल्यावरच येते.

इथे दोन सापळे आहेत. पहिला + आणि × चा. हाताने लिहिलेल्या किंवा झेरॉक्सच्या झेरॉक्स झालेल्या कागदावर ही दोन चिन्हं एकमेकांसारखी दिसतात. एक आहे खाली, दुसरं आहे सम, म्हणजे तीनतालात बरोबर आठ मात्रांचा फरक. तीनतालातल्या मध्यलयीच्या कितीतरी बंदिशी खालीपासून, नवव्या मात्रेवरून सुरू होतात. त्यामुळे पहिल्याच अक्षराखाली + असतो, आपण तो × समजून समेवरून सुरू करतो, आणि सगळी बंदिश उलटी बसते. सूर बरोबर, मात्रा बरोबर, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

ही चूक तबल्यावर लगेच पकडता येते. ठेका लावून गा आणि डग्ग्याकडे कान ठेवा. तीनतालाचे बोल असे आहेत: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत, म्हणजे तिं तिं ता ता या जागी, डग्ग्याचा घुमारा नसतो. मुखड्याचा जोर ज्या अक्षरावर यायला हवा ते अक्षर म्हणून झाल्यावर लगेच डग्गा गप्प होत असेल, तर तुम्ही खालीवर सम घेतली आहे.

दुसरा सापळा आकड्यांचा, आणि तो झपतालात सगळ्यात वाईट भेटतो. झपताल दहा मात्रांचा, विभाग २-३-२-३. भातखंडे पद्धतीत × २ ० ३, पलुस्कर पद्धतीत १ ३ + ८. दोन्हीकडे ‘३’ आहे, पण भातखंड्यांकडे तो तिसऱ्या टाळीचा क्रमांक, म्हणजे प्रत्यक्षात आठवी मात्रा. पलुस्करांकडे ३ म्हणजे सरळ तिसरी मात्रा. एकताल वाचतानाही हेच लक्षात ठेवायचं: भातखंडे × ० २ ० ३ ४, पलुस्कर १ + ५ + ९ ११.

रूपकाबद्दल एक जास्तीची गोष्ट. सात मात्रांच्या या तालात समेवरच खाली असते. म्हणून भातखंडे पद्धतीच्या काही पुस्तकांत पहिल्या मात्रेखाली ० असतो, काहींत ×, तर काहींत दोन्ही एकात एक. पहिल्या मात्रेखाली ० दिसला म्हणून बंदिश आवर्तनाच्या मधूनच सुरू होते असं समजू नका. विभाग ३-२-२ आहेत का ते आधी मोजा.

स्टाफ नोटेशनमध्ये टाळी आणि खालीला जागाच नाही. तिथे सुरुवातीला टाइम सिग्नेचर असते, मग बार लाईन, आणि प्रत्येक बारची पहिली मात्रा जोराची, असा संकेत असतो. तीनताल आपण चार-चार मात्रांच्या चार बारमध्ये लिहू शकतो, पण स्टाफ वाचणाऱ्याला ते चारही बार सारख्याच वजनाचे वाटतात. त्यातला कोणता समेचा आणि कोणता खालीचा हे कागद सांगत नाही. म्हणून स्टाफवर हिंदुस्थानी बंदिश लिहिताना बारच्या डोक्यावर × २ ० ३ लिहावंच. झपतालासाठी दहा मात्रांचा एक बार करून आत २-३-२-३ अशा तुटक रेघा मारल्या तर वाचणारा पाच-पाचच्या चालीत वाहून जात नाही.

तिसरी पायरी: सप्तक

भातखंडे: मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, मध्याला काही नाही. खालचं खाली आणि वरचं वर, त्यामुळे हे डोळ्यांना लगेच पटतं.

पलुस्कर: मंद्राला वर टिंब, तारला वर उभी रेघ, मध्याला काही नाही.

म्हणजे स्वराच्या डोक्यावरचं टिंब एका पद्धतीत तार आणि दुसऱ्या पद्धतीत मंद्र. सप्तकाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका या एका टिंबाच्या होतात. त्या पकडायचा मार्ग म्हणजे आजूबाजूचे स्वर बघणं. यमनाची सुरुवात ‘नी रे ग’ अशी आहे आणि नी वर टिंब आहे असं समजा. ते तार नी वाचलं तर तिथून मध्य रे वर यायला सप्तकापेक्षाही मोठी उडी खाली मारावी लागते. मुखडा सहसा अशी उडी घेत नाही. मंद्र नी वाचलं तर सा ओलांडून लगेच रे लागतो आणि चाल सरळ होते. दोन स्वरांत सप्तकाहून मोठं अंतर येतंय असं दिसलं की थांबा आणि टिंब पुन्हा तपासा.

खालच्या टिंबाबद्दल एक सावधानता. पलुस्कर पद्धतीत स्वराखाली छोटं शून्य येतं ते अर्ध्या मात्रेसाठी. जुन्या छपाईत ते शाईने भरून गेलं की टिंबासारखं दिसतं, आणि मंद्र स्वर वाटतो. अशी ‘टिंबं’ जोडीजोडीने येत असतील तर ती अर्ध्या मात्रा समजा, कारण दोन अर्ध्या मिळून एक मात्रा भरावी लागते.

स्टाफवर सप्तकाला वेगळी खूण लागत नाही. स्वर पाच रेघांवर जितका वर, तितका उंच. पण त्या जागेला ठरलेली पट्टी असते, आणि आपला सा गायकाप्रमाणे बदलतो. पुरुष काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. प्रत्येक पट्टीत खरे सूर लिहायला गेलं तर काही पट्ट्यांत शार्पांची इतकी गर्दी होते की राग दिसेनासा होतो. म्हणून माझा आग्रह आहे की सा नेहमी पांढरी एकवर धरून लिहावा आणि पानाच्या डोक्यावर ‘सा = पांढरी एक; गायकाच्या पट्टीत वाजवावे’ अशी स्पष्ट ओळ घालावी. मग कोमल स्वर म्हणजे फ्लॅट, तीव्र म म्हणजे शार्प, आणि वाचणाऱ्याला रागाचं रूप एका नजरेत कळतं.

चौथी पायरी: स्वर किती लांब, आणि कुठे थांबायचं

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण दोन्ही पद्धतींच्या विचारातला खरा फरक इथे आहे.

भातखंडे पद्धतीत काळ जागेवरून ठरतो. एकेक सुटं अक्षर म्हणजे एकेक मात्रा. एका मात्रेत दोन किंवा जास्त स्वर असतील तर त्यांच्याखाली एकच कमान काढतात, आणि कमानीतल्या अक्षरांत ती मात्रा सारखी वाटली जाते. स्वर लांबवायचा असेल तर पुढच्या मात्रेच्या जागी आडवी रेघ (–), आणि शब्दांच्या ओळीत तिथे अवग्रह (ऽ). कमानीच्या आत रेघ असेल तर तीही वाटणीत धरायची. ‘सा – – रे’ हे चारही एका कमानीत असतील तर सा पाऊण मात्रा आणि रे पाव मात्रा. स्टाफवाले याला डॉटेड एट्थ आणि सिक्स्टीन्थ म्हणतील. ‘सा – रे’ एका कमानीत असेल तर मात्रेचे तीन भाग होतात, दोन सा चे आणि एक रे चा. नवशिके इथे पहिला प्रकार समजून गातात आणि लय किंचित अडखळते. कमानीतली अक्षरं आणि रेघा बोटावर मोजायची सवय लावली की हे सुटतं. आणि हो, कमान स्वरांच्या वर असेल तर तिचा काळाशी संबंध नाही, ती मींड आहे.

पलुस्कर पद्धतीत काळ स्वराच्या खाली लिहिलेला असतो. आडवी रेघ एक मात्रा, शून्य अर्धी, छोटी चंद्रकोर पाव, आणि दोन मात्रांसाठी अवग्रहासारखी वळणदार खूण. एक स्वर दोन मात्रा लांबवायचा असेल तर तो एकदाच लिहून खाली ती खूण दिली की झालं. हे स्टाफच्या विचाराच्या फार जवळ आहे, कारण तिथेही क्वार्टर नोट, हाफ नोट असं प्रत्येक स्वराच्या आकारातच त्याचा काळ असतो. ज्यांचे हात आधी स्टाफवर तयार झाले आहेत त्यांना पलुस्कर पद्धत लवकर कळते, असं मला शिकवताना वारंवार दिसलं आहे. भातखंडे पद्धत त्यांना सुरुवातीला ढिली वाटते, पण आवर्तन कुठे आहे हे त्यांना त्याच पद्धतीत आधी सापडतं.

आता विश्रांती. स्टाफमध्ये शांततेला स्वराइतकाच मान आहे. एका मात्रेची विश्रांती, अर्ध्याची, पावाची, प्रत्येकीला स्वतंत्र चिन्ह आहे, आणि बारमधल्या प्रत्येक क्षणाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्या दोन्ही पद्धतींच्या चिन्हांच्या तक्त्यांत असं विश्रांतिचिन्हांचं कुटुंब नाही. भातखंडे पद्धतीत – ही एकच रेघ दोन कामं करते. ‘सां – –’ असं लिहिलं असेल तर सा तीन मात्रा लांबवायचा, की दोन मात्रा लांबवून तिसरीवर श्वास घ्यायचा, हे रेघेवरून कळत नाही.

मग ठरवायचं कसं? आधी शब्दांची ओळ बघा. स्वराच्या ओळीत रेघ आणि शब्दांच्या ओळीत ऽ असेल तर अक्षराचा स्वर चालू आहे, तोडायचं नाही. शब्द पूर्ण झाला असेल आणि पुढे नवा शब्द सुरू होत असेल, तर त्यांच्यातल्या शेवटच्या रेघेवर श्वास घ्यायला हरकत नाही. आवर्तनाच्या किंवा ओळीच्या अगदी आरंभीच रेघ असेल आणि तिच्याआधी लांबवायला स्वरच नसेल, तर ती सरळ विश्रांती आहे. उदाहरणार्थ, मुखडा दहाव्या मात्रेवरून उठत असेल तर खालीच्या मात्रेवर नुसती रेघ दिसते. तसंच कमानीत ‘– ग’ असेल आणि आधीचा स्वर संपलेला असेल, तर अर्धी मात्रा सोडून ग उचलायचा. स्वरविस्तारात दिसणारा स्वल्पविराम मात्र वेगळा. तो वाक्य तोडतो, मात्रा मोजत नाही, कारण आलाप तालात बांधलेला नसतो.

पलुस्कर पद्धतीत शांतता शोधायला बेरीज करावी लागते. एका आवर्तनातल्या स्वरांखालच्या खुणांची बेरीज करा. तीनतालात सोळा यायला हवी. पंधरा आली तर कुठेतरी एक मात्रा रिकामी आहे, किंवा छपाईत एक खूण गळली आहे. दोन्हींत फरक करायचा तर टाळीचे आकडे बघा. १ आणि ५ यांच्यामधल्या खुणांची बेरीज चार हवी. ती तीन असेल तर उणी मात्रा त्याच भागात आहे, आणि मग शब्द कुठे संपतो ते पाहून जागा ठरते.

माझ्या विद्यार्थ्यांना मी वहीत भातखंडे पद्धतीने लिहिताना एक छोटी भर घालायला सांगते. जिथे खरोखर गप्प राहायचं तिथे रेघ न देता ‘वि’ लिहा. वि नावाचा स्वर नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही, आणि – ही रेघ फक्त लांबवण्यासाठी उरते. परीक्षेच्या पेपरात मात्र हे लिहू नका, तिथे मान्य चिन्हंच हवीत.

एक आवर्तन, तीन प्रकारे

यमन, तीनताल, खालीपासून सुरुवात. हे सरावासाठी मीच बांधलेलं आवर्तन आहे. मंद्र नी पासून चढत तार सा वर सम घ्यायची, सा दोन मात्रा धरायचा, तिसऱ्या मात्रेवर गप्प राहायचं आणि उतरत रे पर्यंत यायचं.

भातखंडे पद्धतीत (जोडून लिहिलेल्या दोन स्वरांखाली कमान आहे असं समजा):

```
ऩी  रे  ग  म॑  |  प  –  म॑ध  नी  |  सां  –  –  नी  |  ध  प  म॑ग  रे
०            |  ३            |  ×            |  २
```

पलुस्कर पद्धतीत (म/ म्हणजे तीव्र म, ऽ ही दोन मात्रांची खूण):

```
नीं  रे  ग  म/   प   म/  ध  नी
–   –   –  –    ऽ   ०   ०  –
+               १३

सा॑      नी   ध   प   म/  ग  रे
ऽ       –    –   –   ०   ०  –
१            ५
```

दोन्हींतला पहिला स्वर बघा. भातखंड्यांकडे नी खाली टिंब, पलुस्करांकडे वर. सा बघा: एकाकडे वर टिंब, दुसऱ्याकडे उभी रेघ. तीव्र म वरची भातखंड्यांची उभी रेघ आणि सा वरची पलुस्करांची उभी रेघ कागदावर सारखीच दिसते, पण एक स्वराची जात सांगते आणि दुसरी सप्तक.

आता बेरीज. पलुस्कर पद्धतीतली पहिली ओळ: चार मात्रा, मग प दोन, म-ध मिळून एक, नी एक. आठ भरल्या. दुसरी ओळ: सा दोन, नी एक, ध एक, प एक, म-ग मिळून एक, रे एक. सात. १ आणि ५ यांच्यामध्ये फक्त तीन मात्रा सापडतात, म्हणजे उणी मात्रा सा आणि नी च्या मधे आहे. भातखंड्यांच्या ओळीत त्याच जागी दुसरी रेघ आहे, आणि तिथे गप्प राहायचं आहे हे तिच्यावरून कळत नाही. वहीत तिथे ‘सां – वि नी’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

स्टाफवर हेच लिहायचं तर सा पांढरी एकवर धरा, ट्रेबल क्लेफ घ्या, टाइम सिग्नेचर चार-चार. यमनात तीव्र म सोडून सगळे शुद्ध, म्हणून क्लेफजवळच म ला एक शार्प देऊन टाका. पहिला बार: मंद्र नी (पाच रेघांच्या खाली, पहिल्या लेजर लाईनच्याही खाली), मग रे, ग, म, सगळे क्वार्टर नोट. दुसरा बार: प हाफ नोट, म-ध एट्थची जोडी, नी क्वार्टर. तिसरा बार: तार सा खालून तिसऱ्या मोकळ्या जागेत हाफ नोट, मग क्वार्टर रेस्ट, मग नी. चौथा बार: ध, प, म-ग एट्थची जोडी, रे. आणि बारांच्या डोक्यावर अनुक्रमे ०, ३, ×, २ लिहा. ही चार चिन्हं गाळली तर स्टाफ वाचणारा पहिल्या बारच्या मंद्र नी वर जोर देईल आणि तार सा, जिथे सगळी बंदिश येऊन टेकते, तो मधला एक स्वर होऊन जाईल.

तार सा पुढच्या विभागात न्यायचा असता तर? भातखंडे पद्धतीत विभागाच्या रेघेपलीकडे फक्त आणखी एक – द्यायची. स्टाफवर बार लाईन ओलांडताना स्वर पुन्हा लिहून दोघांना टायने जोडावं लागतं. भातखंडे पान स्टाफवर उतरवताना ही टाय विसरली जाते, मग वाजवणारा सा दुसऱ्यांदा छेडतो.

मोबाइलवर किंवा संगणकावर लिहिताना

हल्ली बहुतेक देवाणघेवाण टाइप करूनच होते, म्हणून एवढं सांगते. भातखंडे पद्धतीची बहुतेक चिन्हं देवनागरी युनिकोडमध्ये मिळतात. मंद्रासाठी नुक्ता (U+093C), तारसाठी अनुस्वार (U+0902), कोमलासाठी खालची रेघ (U+0952), तीव्रासाठी वरची उभी रेघ (U+0951). अक्षराला काना-मात्रा असेल तर नुक्ता अक्षरानंतर लगेच आणि मात्रेच्या आधी टाइप करायचा, नाहीतर काही फाँटमध्ये टिंब भलतीकडे जातं. कमान मात्र साध्या मजकुरात नीट बसत नाही. त्याऐवजी एका मात्रेतले स्वर जोडून लिहायचे आणि मात्रांमध्ये मोकळी जागा सोडायची, हा सगळ्यांना कळणारा मार्ग आहे.

पलुस्कर पद्धतीत काळाची ओळ स्वरांच्या बरोबर खाली राहायला हवी, आणि समोरच्याच्या फोनवर फाँट बदलला की ती सरकते. म्हणून ते पान हाताने लिहून फोटो पाठवणंच बरं. कोमलाच्या रेघेबाबतही हीच काळजी घ्या: काही फोनवर U+0952 दिसतच नाही, आणि कोमल रे समोरच्याला शुद्ध रे म्हणून पोचतो. मजकूर पाठवला की रागाचं नाव आणि त्यातले विकृत स्वर शब्दांत लिहायचे, ‘भैरव, रे ध कोमल’ असे, म्हणजे चिन्ह गळलं तरी वाचणाऱ्याला ते भरता येतं.